पट्टीने बरोबर मोजलं, पण किलोमीटर चुकले: गुण कसे द्यायचे?

खाडीकाठ

आठवीच्या भूगोलाच्या कार्यपत्रिका तपासतेय आणि एका पत्रिकेवर अडले आहे. नकाशाप्रमाणाचा धडा झाल्यावर आमच्याकडच्या चार-पाच शाळांनी मिळून एकच कार्यपत्रिका काढली. रत्नागिरी परिसराच्या किनाऱ्याचा नकाशा, पानभर, ए-फोर कागदावर. अंकप्रमाण १:२,५०,००० आणि खाली १० किमीची रेषा.

प्रश्न तीन आहेत. पहिला, रत्नागिरी ते गणपतीपुळे सरळ अंतर पट्टीने मोजा आणि किलोमीटरमध्ये सांगा (३ गुण). दुसरा, तेवढंच अंतर एक होडी ताशी १० किमी वेगाने गेली तर किती वेळ लागेल (२ गुण). तिसरा, रत्नागिरी ते पावस सरळ अंतर (३ गुण). उत्तरसूचीत फक्त शेवटची उत्तरं आहेत: १७.५ किमी, १ तास ४५ मिनिटं, १२.२५ किमी. टप्प्यांना गुण कसे वाटायचे याबद्दल काहीच नाही.

एका मुलाने पहिला प्रश्न असा सोडवला आहे:

अंतर = ७ सेमी
७ × २,५०,००० = १७,५०,००० सेमी
१७,५०,००० ÷ १०० = १७,५०० मी
१७,५०० ÷ १०० = १७५ किमी

नकाशावर त्याने दोन्ही ठिपक्यांमधून पेन्सिलीने बारीक रेघ मारली आहे आणि ७ सेमी अगदी बरोबर आहे. गुणाकार बरोबर. सेंटिमीटरचे मीटरही बरोबर. शेवटच्या ओळीत मात्र मीटरचे किलोमीटर करताना परत १०० ने भागलं.

दुसऱ्या प्रश्नात १७५ ÷ १० = १७.५, म्हणून १७ तास ३० मिनिटं. तिसऱ्यात ४.९ सेमी मोजलं, १२,२५,००० सेमी, १२,२५० मी आणि पुढे पुन्हा तेच, १२२.५ किमी.

सूचीप्रमाणे तिन्ही उत्तरं चूक, म्हणजे ८ पैकी ०. शेजारच्या वर्गाचे सर म्हणतात शून्यच द्या, भूगोलात अंतर दहापट चुकलं तर त्या उत्तराला अर्थ नाही. मला ते पटत नाही. पण मग नेमके किती द्यायचे आणि कशाच्या आधारावर? पत्रिका अजून परत दिलेल्या नाहीत.

---

सातवी_ब

ताई, पद्धत पूर्ण बरोबर आहे ना? मग पूर्ण गुणांतून फक्त एक कापा आणि पुढे जा. एकच चूक आहे, ती पुढच्या उत्तरांत वाहत गेली. वाहत गेलेल्या चुकीला परत कापायचं नाही, हे आम्हाला गणिताच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. ८ पैकी ७.

---

आंब्याची_बाग

मी शिक्षक नाही, पालक आहे. पण मला मूळ उत्तरच चुकीचं वाटतंय. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आम्ही आरे-वारे मार्गे नेहमी जातो, ते जवळपास २५ किमी भरतं. उत्तरसूचीत १७.५ कसं? मुलाचं उत्तर चूक ठरवण्याआधी सूची तपासायला नको का?

---

निवळी_फाटा

आंब्याची_बाग, तुम्ही म्हणता ते २५ रस्त्याचे आहेत. प्रश्नात सरळ अंतर विचारलंय, म्हणजे दोन ठिपक्यांमध्ये पट्टी ठेवून. रस्ता किनाऱ्याच्या वळणांनी, चढउतारांनी, खाडीला वळसा घालून जातो, म्हणून तो नेहमीच जास्त भरणार. रस्त्याचं अंतर काढायचं तर नकाशावरच्या रस्त्यावर दोरा बसवत न्यायचा आणि मग तो दोरा पट्टीवर ताणून मोजायचा. तेही गाडीच्या आकड्यापेक्षा कमीच येतं, कारण १:२,५०,००० च्या नकाशात लहान वळणं काढलेलीच नसतात. सूची बरोबर आहे.

खाडीकाठ ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे. मी बरीच वर्षं भूगोल शिकवला आणि उत्तरपत्रिका तपासल्या. शून्य चुकीचं आहे. ७ सुद्धा मला पटत नाही. सातवी_ब यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

तीन गुणांच्या प्रश्नात तीन कामं आहेत. पट्टीने मोजणं, प्रमाणाने गुणणं, आणि एकक बदलून किलोमीटरमध्ये उत्तर देणं. प्रत्येकी एक गुण. पहिल्या प्रश्नात या मुलाने पहिली दोन कामं निर्दोष केली, तिसरं अर्धं केलं. तेव्हा ३ पैकी २. अर्धा गुण द्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर अडीच द्या, मी अडवणार नाही.

दुसऱ्या प्रश्नात त्याला अंतर स्वतःच्या पहिल्या उत्तरातून घ्यायचं होतं. तिथे चूक खरोखर वाहत आली. अंतर भागिले वेग हे त्याला कळलंय, १७.५ तासांचे १७ तास ३० मिनिटं हेही जमलंय. कितीतरी मुलं तिथे १७ तास ५० मिनिटं लिहितात. तेव्हा २ पैकी २.

तिसऱ्यात मात्र काहीही वाहत आलेलं नाही. नवीन जोडी, नवीन मोजमाप, नव्याने केलेलं रूपांतर. तिथे त्याने तीच चूक पुन्हा केली. वाहत आलेली चूक वेगळी आणि पुन्हा केलेली चूक वेगळी. तिसऱ्यातही ३ पैकी २. एकूण ६.

---

सातवी_ब

सर, दुसऱ्या प्रश्नाचं पटलं. तिसऱ्याचं नाही. मुलाच्या डोक्यात एकच गोष्ट चुकीची बसलेली आहे. कार्यपत्रिकेत तसे पाच प्रश्न असते तर तुम्ही पाच गुण कापले असते. एका गैरसमजाची किंमत प्रश्नांच्या संख्येवर ठरावी हे बरोबर नाही.

---

निवळी_फाटा

मी गुण कापत नाही, सर. तो गुण रूपांतर जमल्याचा आहे आणि ते जमलेलं नाही, म्हणून तो मिळत नाही. पाच प्रश्न असते तर पाचही ठिकाणी मोजणी आणि गुणाकाराचे मिळून दहा गुण त्याला मी दिलेच असते.

तुमचा मुद्दा खरा ठरेल तो प्रश्न काढताना. एकाच कौशल्याचे दोन प्रश्न ठेवले की त्या कौशल्याचं वजन दुप्पट होतं. ते तपासताना निस्तरता येत नाही. पत्रिका काढतानाच तिसऱ्या प्रश्नात रेषाप्रमाणावरून अंतर विचारलं असतं तर हा वाद उरला नसता.

---

मालवणी_खाजा

माझ्या झिलाचो पेपर असोच इल्लो, म्हणान हय लिवतंय. त्येचा रूपांतर बरोबर होता, तरी उत्तर सूचीशी जुळत नव्हता.

प्रमाण भाषेत लिहितो, सगळ्यांना कळावं. मी जमिनीच्या मोजणीच्या कामात असतो. आमच्याकडे लोक जमिनीच्या नकाशाची झेरॉक्स घेऊन येतात, त्यावर पट्टी लावतात आणि हद्द दोन-तीन मीटर आत गेली म्हणून शेजाऱ्याशी भांडतात. नकाशा झेरॉक्समध्ये लहान झालेला असतो. छापलेलं अंकप्रमाण मात्र जुनंच राहतं, ते काही कागदाबरोबर बदलत नाही. मुलाच्या पेपरात तेच निघालं.

म्हणून विचारतो, ही कार्यपत्रिका सगळ्या शाळांत एकाच आकारात छापली गेली आहे का? खाली १० किमीची रेषा आहे म्हणता, तर तिच्यावर पट्टी ठेवून बघा. १:२,५०,००० ला १ सेमी म्हणजे २.५ किमी, तेव्हा ती रेषा बरोबर ४ सेमी भरली पाहिजे.

---

खाडीकाठ

आत्ताच मोजली. ४ सेमी आहे. आमच्या प्रती ठीक आहेत.

---

शृंगारतळीची_बाई

मी याच कार्यपत्रिकेवर काम करतेय, पण आमची शाळा वेगळी. हा धागा वाचून मी रेषा मोजली. ३.७ सेमी! आमच्या इथे फाइल पानात बसवून छापली गेली, कडेची जागा सोडायला नकाशा आपोआप आखडला.

आता कळतंय की वर्गातल्या बहुतेक मुलांनी पहिल्या प्रश्नात ६.५ सेमी का लिहिलं. उत्तर आलं १६.२५ किमी. मी त्यांच्या मोजण्याचा गुण कापायच्या बेतात होते. काय करू?

---

मालवणी_खाजा

बाई, मुलांनी बरोबर मोजलंय. तुमच्या कागदावर ३.७ सेमी म्हणजे १० किमी. मग ६.५ सेमी म्हणजे ६५ भागिले ३.७, साडेसतरा किलोमीटरच्या आसपास. अंतर तेच निघतं, फक्त छापलेलं १:२,५०,००० त्या कागदाला लागू राहिलं नाही. रेषाप्रमाण कागदाबरोबर लहान होतं, म्हणून ते टिकतं.

१६.२५ ला पूर्ण गुण द्या. छपाईत काय झालं ते मुलांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. आणि कोणी रेषेवरून १७.५ काढलं असेल तर त्यालाही द्या.

---

निवळी_फाटा

अगदी सहमत. यातून दुसरी एक गोष्ट सुचली, तीही सांगून ठेवतो. नकाशा नीट छापलेला असला तरी १७.५ हा एकच आकडा धरून बसू नका. या प्रमाणावर १ मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. पेन्सिलीचं टोक जाड असेल, ठिपक्याच्या मध्याऐवजी कडेवर पट्टी लागली असेल, तरी एक मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतो. १७.२५ पासून १७.७५ पर्यंत मी बरोबर धरतो. ठिपके मोठे असतील तर १७ ते १८.

---

हिशेबाची_वही

मी शिष्यवृत्तीचे वर्ग घेते. या मुलासारखी चूक दरवर्षी दिसते आणि ती चुकीच्या उत्तरावरूनच ओळखता येते. १७५ आलं तर दोनदा १०० ने भागलं. १७५० आलं तर सेंटिमीटरलाच थेट १००० ने भागलं, मधले मीटर विसरले. २.८ आलं तर ७ ला २.५ ने गुणायच्या ऐवजी भागलं.

मी मुलांना एक सोपी वाट देते. १ किमी म्हणजे १,००,००० सेमी, बरोबर एक लाख. आणि आपण आकडे लिहितो तेव्हा लाखाच्या जागी स्वल्पविराम असतोच. १७,५०,००० सेमी वाचायचं कसं? सतरा लाख पन्नास हजार. जितके लाख तितके किलोमीटर. पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी दशांशचिन्ह दिलं की १७.५० किमी. १२,२५,००० ला १२.२५. भागाकाराची गरजच नाही. इंग्रजी पद्धतीने तीन-तीनवर स्वल्पविराम देणाऱ्या मुलांना हे असं दिसत नाही.

---

खाडीकाठ

हे मी कधी असं पाहिलंच नव्हतं! सतरा लाख, सतरा किलोमीटर. उद्याच वर्गात दाखवते.

---

निवळी_फाटा

वाट चांगली आहे, पण तिची हद्दही मुलांना सांगा. ती फक्त सेंटिमीटरवरून किलोमीटरला जाताना चालते. उत्तर मीटरमध्ये असलं की लाख शोधणारा मुलगा फसतो. आणि मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ती निरुपयोगी होते. समजा शाळेच्या आवाराचा आराखडा १:५०० ला आहे आणि भिंत ६ सेमी. ६ × ५०० = ३,००० सेमी. इथे लाख नाहीतच. खरं उत्तर ३० मीटर, पण वाट पाठ केलेला मुलगा पहिल्या स्वल्पविरामाच्या जागी दशांशचिन्ह देऊन बिनदिक्कत ३ किमी लिहितो. हिशेबाची_वही ताई, तुमच्या मुलांना हे कधी घडलं का?

---

हिशेबाची_वही

घडतं, सर. म्हणून आधी तोंडाने आकडा वाचायला लावते. तीन हजार म्हटल्यावर लाख नाही हे त्यांचं त्यांना ऐकू येतं. तरी काहीजण न वाचता चिन्ह देतात, हे खरं आहे.

---

आंब्याची_बाग

सरळ अंतराचं समजलं, आभार. पण मग माझ्यासारख्या माणसाला १७५ चूक आहे हे बघताक्षणी कळतं आणि मुलाला कळत नाही, याचा विचार कुणी केला का? रत्नागिरीहून कोल्हापूर रस्त्याने साधारण १३० किमी. मुलाच्या हिशेबाने गणपतीपुळं कोल्हापूरच्याही पलीकडे गेलं.

---

निवळी_फाटा

हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कोल्हापूर ज्याने पाहिलं नाही त्यालाही वापरता येईल अशी तपासणी सांगतो. कागद ए-फोर, लांबी २९.७ सेमी, रुंदी २१ सेमी. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपं मोजलं तर साधारण ३६ सेमी. १ सेमीला २.५ किमी, म्हणजे अख्ख्या कागदावर तिरपं गेलं तरी सुमारे ९० किमीच होतात. त्या कागदावरचं कुठलंही सरळ अंतर याहून जास्त असूच शकत नाही. १७५ तर त्या कागदावर मावतच नाही.

याहून सोपं, १० किमीची रेषा समोरच आहे. दोन ठिपक्यांमध्ये ती रेषा किती वेळा बसते? पावणेदोन वेळा. म्हणजे १७-१८ च्या घरात. हे गणिताच्या आधी करायचं आणि उत्तराच्या बाजूला अंदाज म्हणून लिहून ठेवायचं. मी तर पुढे अंदाजाला वेगळा अर्धा गुण देत असे, तेव्हा मुलं न सांगता लिहायला लागली.

---

खाडीकाठ

काल लिहिल्यानंतर त्या मुलाला शाळेत बाजूला बसवून विचारलं. पेपर दाखवला नाही, आधी तोंडीच. “एका किलोमीटरमध्ये किती मीटर?” क्षणाचाही वेळ न लावता, “हजार.” एका मीटरमध्ये किती सेंटिमीटर? “शंभर.” दोन्ही पाठ आहेत.

मग नवीन उदाहरण सोडवायला दिलं. पुन्हा दोन्हीकडे १००. मी म्हटलं, हे शंभर कुठून आलं? तो म्हणाला, “बाई, मोठं करायचं असलं की शंभरने भागतात.” त्याच्या मनात हा एक नियमच झालाय. पैशांचे रुपये शंभरने, सेंटिमीटरचे मीटर शंभरने, मग पुढेही शंभरनेच. हजार त्याला येतं, पण भागाकार लिहायच्या वेळी ते त्याच्या हाताशी येत नाही.

मग रेषा दाखवून विचारलं, गणपतीपुळं या रेषेच्या किती पट लांब? तो म्हणाला दोनला थोडं कमी. म्हणजे किती किलोमीटर? “वीसच्या आत.” आणि मग स्वतःच पेपर मागून घेतला, १७५ कडे बघत बसला. त्याच्या घरी होडी आहे. म्हणाला, “सतरा तास कसे लागतील? असं असतं तर बाबा दुपारी परत आले नसते.” शेवटची ओळ त्याने स्वतः दुरुस्त केली.

---

सातवी_ब

मग आता तर तिसऱ्यात पूर्ण गुण द्यायलाच हवेत. चूक एकच होती हे सिद्ध झालं.

---

शृंगारतळीची_बाई

मला उलट वाटतं. दुरुस्ती त्याने बाईंनी शेजारी बसून विचारल्यावर केली. पेपर लिहिताना त्याला येत नव्हतं. गुण पेपराचे द्यायचे.

---

हिशेबाची_वही

एक शंका दुसऱ्या प्रश्नाबद्दल. बरोबर अंतर घेतलं असतं तर १७.५ ÷ १० = १.७५ तास आणि त्याची १ तास ४५ मिनिटं करावी लागली असती. याला १७.५ मिळालं, त्यात अर्ध्या तासाची ३० मिनिटं करणं सोपं. चुकीमुळे प्रश्न सोपा झाला तरी पूर्ण २ गुण?

---

निवळी_फाटा

हो, थोडा सोपा झाला. पण पाऊण तासाची मिनिटं त्याला येत नाहीत असं म्हणायला कागदावर काहीच पुरावा नाही. चुकीने प्रश्नातलं एखादं कामच नाहीसं झालं असतं, म्हणजे भागाकार पूर्ण सुटून तास नुसते पूर्णांकात आले असते, तर मी एक गुण रोखला असता. इथे दशांशाची मिनिटं करायचं काम उरलं होतं आणि ते त्याने केलं.

---

खाडीकाठ

मी ठरवलं ते असं. पहिल्यात २, दुसऱ्यात २, तिसऱ्यात २. एकूण ८ पैकी ६. शेवटच्या ओळीवर लाल फुली न मारता फक्त दुसऱ्या ÷ १०० भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, “१ किमी = किती मी?” पट्टीच्या रेघेवर आणि गुणाकारावर बरोबरची खूण वेगळी केली, म्हणजे कुठपर्यंत जमलं ते त्याला दिसेल.

शेजारच्या वर्गाच्या सरांना हा धागा दाखवला. त्यांच्या वर्गात १७५ लिहिणारी आणखी मुलं निघाली, त्यांना ते टप्प्यांचे गुण द्यायला तयार झाले. २.८ वाल्यांना मात्र ते मोजण्याचाच एक गुण देणार म्हणतात. निवळी_फाटा सर, ७ सेमी बरोबर मोजून २.५ ने भागलेल्याला किती द्याल? किलोमीटर हे एकक तर त्याने बरोबर लिहिलंय, १ सेमी = २.५ किमी हेही वर काढलंय.

---

निवळी_फाटा

१ सेमी = २.५ किमी स्वतः काढून लिहिलं असेल तर रूपांतराचं काम त्याने आधीच केलं आहे. म्हणून मोजणीचा एक आणि रूपांतराचा एक. गुणायच्या जागी भागलं, तो गुण नाही. ३ पैकी २. ती ओळ न लिहिता नुसतं ७ ÷ २.५ असेल तर मात्र मी सरांच्या बाजूने आहे.

---

सातवी_ब

म्हणजे १७५ ला आणि २.८ ला सारखेच २? मला अजूनही वाटतं की २.८ वाल्याला प्रमाण म्हणजे काय तेच कळलेलं नाही, आणि १७५ वाल्याला कळलंय. दोघांना सारखे गुण मी देणार नाही.